झोपताना काय ऐकायचं? ज्याचं पुढे काय झालं याची फिकीर नाही, ते

*ताई, मी ३६ वर्षांचा आहे, धंतोलीत एका सीएकडे अकाउंट्स बघतो, राहायला जयप्रकाश नगरला. झोप लवकर येत नाही म्हणून मागच्या दिवाळीपासून ऑडिओबुक लावून झोपणं सुरू केलं. पहिले बरं वाटलं पण आता उलटंच होऊन राहिलं. अर्ध्या तासाचा टायमर लावतो, तो संपला की पुन्हा लावतो, सध्या एक मर्डर मिस्ट्री चालू आहे आणि रोज दीड वाजून जातो. शेअर मार्केटचा पॉडकास्ट लावून पाहिला तर डोकं अजूनच चालायला लागलं. बायको म्हणते पावसाचा आवाज लावा नाहीतर सरळ पुस्तक वाचा, मोबाइल बंद. पण पावसाच्या आवाजात मला ऑफिसचे हिशेब आठवत राहतात. हे सगळं बंदच करू का?*
*– जागा नागपूरकर*

भाऊ, बंद नका करू. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलं, ते पावसाच्या आवाजातल्या हिशेबांचं, म्हणून आधी तेच घेते.

अंथरुणात पडल्यावर डोक्यात जे चालू होते ना, अमक्याचं इनव्हॉइस जुळलं नाही, उद्या साहेबांना काय सांगू, ते सगळं बहुतेक शब्दांतच चालते, म्हणजे आपण मनातल्या मनात स्वतःशी बोलतच असतो. पाऊस, पंखा, बासरी यांत शब्दच नसतात, त्यामुळे ती बडबड बिनधास्त चालू राहते, तिला कोणी अडवतच नाही. याउलट आपल्याला समजणाऱ्या भाषेत दुसरं कोणी सावकाश बोलत असलं की त्याचं बोलणं आणि आपलं मनातलं बोलणं दोन्ही एकदम नीट चालवता येत नाही, एक मागे पडतेच. म्हणून ज्यांची झोप बाहेरच्या आवाजाने मोडते, कुत्रे, ट्रक, वरातीचा डीजे, त्यांच्यासाठी पावसाचा आवाज चांगला, तो बाकीचं झाकून टाकतो. ज्यांची झोप स्वतःच्याच डोक्यामुळे येत नाही त्यांना माणसाचा आवाज लागतो. तुम्ही दुसऱ्या गटातले. आणि तसंही उन्हाळाभर आपल्या घरात कूलर रात्रभर घरघरत असतो, अजून वेगळा पाऊस काय लावायचा.

तर आवाज हवाच. प्रश्न आहे कोणता.

मर्डर मिस्ट्री हा प्रकार लेखक जीव ओतून अशासाठीच लिहितो की तुम्ही ती खाली ठेवू नये, त्यात तुमचा काही दोष नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक दार उघडं सोडलेलं असते, कोणाचा तरी फोन येतो, कोणीतरी खोटं बोलल्याचं कळते, आणि तुम्ही अर्धवट झोपेतसुद्धा अंदाज बांधत बसता की खुनी तो नोकर का तो भाचा. अंदाज बांधणं म्हणजे जागं राहणंच झालं. शेअर मार्केटवाल्याचं दुखणं वेगळं आहे, तिथे रहस्य नाही पण प्रत्येक वाक्य तुमच्याकडून काहीतरी करवून घेऊ पाहते, हा फंड बघा, तो विकून टाका, की तुम्ही लगेच मनात आकडेमोड सुरू. बातम्या, तब्येतीचे सल्ले, "सकाळी पाचला उठा" टाइपचे मोटिव्हेशनवाले, सगळे याच खात्यात जातात. अकाउंट्सवाल्या माणसाने तर रात्री आकडा ऐकूच नये असं माझं मत आहे.

पण म्हणून अगदी रटाळ काहीतरी लावायचं असं लोक करतात आणि तिथे फसतात. फारच रटाळ असलं की कान पाचेक मिनिटांत सोडून देतात आणि मन परत इनव्हॉइसकडे, म्हणजे पावसाच्या आवाजासारखंच झालं. आपल्याला मधलं पाहिजे. जे आत्ता चाललंय ते ऐकायला बरं वाटलं पाहिजे, आणि पुढे काय होणार याची फिकीर नसली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

याचं मला आवडणारं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. बीबीसीच्या रेडिओ ४ वर मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी समुद्राच्या हवामानाचं बातमीपत्र लागते. समुद्राचे ठरलेले भाग, ठरलेल्या क्रमाने, प्रत्येक भागाचा वारा, हवामान, किती लांबचं दिसेल, तेवढंच, एका लयीत वाचत जातात. आहे ते खलाशांसाठी, पण ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवला नाही असे कितीतरी लोक ते ऐकत झोपतात, कारण त्यात चित्रं आहेत, लय आहे, शब्द आहेत, आणि कशाचाच शेवट व्हायचा राहिलेला नाही. आपल्याकडे रेडिओवर बाजारभाव वाचतात ते चालीला जवळपास तसेच, पण तूर हरभऱ्याचे भाव तुम्हाला नको, तुम्ही लगेच मागच्या आठवड्याशी तुलना करत बसाल.

मराठीत तुमच्यासाठी काय काय चालू शकते ते सांगते. प्रवासवर्णन हा पहिला नंबर, त्यातही निवांत लेखकाचं, जो एका घाटावर चार पानं बसून राहतो. त्यात माणूस पोचला काय नि नाही पोचला काय, आपलं काही अडत नाही. मग ललित लेख, बालपणीच्या गावाच्या आठवणी, झाडांवर पक्ष्यांवर लिहिलेलं, जुनी पत्रं, इतिहासातला लढाया सोडून बाकीचा भाग म्हणजे बाजार, रस्ते, पेहराव. आणि या सगळ्यांच्या वर, आधी ऐकून झालेलं पुस्तक. शेवट माहीत आहे, मधले वळसे माहीत आहेत, काही हुकलं तरी हुकत नाही, आणि तरी ऐकायला गोड लागते. लहान मुलं रोज तीच गोष्ट मागतात ते उगाच नाही.

आता काही गोष्टी वरून शांत वाटतात आणि रात्री दगा देतात. कीर्तन घ्या. बुवांचं निरूपण इतकं संथ असते की वाटते याहून चांगलं काय, पण निरूपण आणि गाणं आलटूनपालटून असते, तुम्ही नुकते पेंगायला लागता आणि तबला, पेटी, टाळ एकदम सुरू होते. प्रवचन चालेल, पण मधेच हजार लोक नामघोष करतात असं रेकॉर्डिंग नको. विनोदी कथाकथनात प्रेक्षकांचा हशा नेमका तुमच्या डुलकीवर फुटतो. श्रुतिका किंवा हल्लीची पाच-सहा जणांनी अभिनय केलेली ऑडिओबुक्स, त्यात दार करकरते, गाडी ब्रेक मारते, कोणीतरी किंचाळते. झोप लागताना कानाला हळू आवाजाचा त्रास नसतो, सलग मोठ्या आवाजाचीही सवय होते, त्रास होतो तो आवाज एकदम बदलण्याचा. म्हणून रात्रीसाठी एकच वाचक, बिनसंगीताचा, मुलाखतसुद्धा नको कारण त्यात दोन माणसं एकमेकांवर हसतात. पॉडकास्टच्या मधल्या जाहिराती तर विचारूच नका, त्या मुख्य आवाजापेक्षा बहुतेकदा मोठ्याच लागतात. यूट्यूबवर फुकटात ऐकत असाल तर हाच सगळ्यात मोठा घोळ आहे, पाहिजे तर विकत घेतलेलं किंवा लायब्ररी ॲपवरचं एक पुस्तक घ्या पण जाहिरातवालं रात्री नको.

हे निवडायचं रात्री नाही. रात्री अकराला ॲप उघडून स्क्रोल करत बसलात की त्यातच अर्धा तास जातो, आणि ॲप तुम्हाला जे दाखवते ते खिळवून ठेवणारंच दाखवते, त्याचा धंदा तोच आहे. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर लोळत असाल तेव्हा करा. समजा तुम्ही नर्मदा परिक्रमेवरचं सात-आठ तासांचं एखादं ऑडिओबुक काढलं. सुरुवातीपासून नका ऐकू, सुरुवात सगळेच जोरदार करतात. सरळ मधे कुठेतरी जा, दोन मिनिटं ऐका, मग शेवटाकडे दोन मिनिटं, मग परत कुठेतरी. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, याच्या आधी काय झालं ते जाणून घ्यावंसं वाटून राहिलं का? वाटलं तर ते पुस्तक चांगलं आहे पण दिवसाचं आहे. नाही वाटलं, तर दुसरा प्रश्न विचारा, त्या दोन मिनिटांत माझं मन ऑफिसला जाऊन आलं का? गेलं असेल तर हे जास्तच कोरडं आहे, किंवा वाचणाऱ्याचा आवाज तुम्हाला धरून ठेवत नाही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" आलं, आवाज कुठे दणकन वाढला नाही, की ते रात्रीचं पुस्तक. अशी दोन पुस्तकं काढून डाउनलोड करून ठेवली की महिनाभर बघायचं काम नाही, कारण तुम्ही रोज त्यातली दहा-पंधरा मिनिटंच ऐकणार आहात.

आता लावायचं कसं. तुम्ही मेट्रोत वगैरे दीडच्या स्पीडने ऐकत असाल तर बहुतेक ॲपमध्ये तोच स्पीड रात्रीही तसाच राहतो, लोकांच्या लक्षातच येत नाही. रात्री ०.९ करा. फार भरभर वाचणारा असेल तर ०.८, त्याच्या खाली नको, शब्द रबरासारखे ताणल्यासारखे येतात आणि मग त्या विचित्र आवाजाकडेच लक्ष जाते.

आवाज किती ठेवायचा हे आपल्या गावात कूलर ठरवतो. कूलरच्या घरघरीत मऊ अक्षरं बुडतात, म्हणून लोक मोबाइल टेबलावर ठेवून आवाज वाढवतात. मग रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि मोबाइल बॅटरीवर चालूच असतो, की शांत खोलीत तोच आवाज सभेत भाषण चालू असल्यासारखा घुमतो आणि सगळं घर जागं. म्हणून उलटं करा. मोबाइल डोक्याजवळच्या स्टुलावर, हातभर अंतरावर, पालथा, आणि आवाज कमी. कूलर रोजच्या स्पीडवर चालू ठेवून आडवे व्हा, शब्द नीट समजतील इतका आवाज करा आणि मग एक पायरी खाली आणा. लक्ष दिलं तर समजते, नाही दिलं तर एखादा शब्द निसटतो, शेजारच्या खोलीत घरची मोठी माणसं बोलत बसल्यासारखं. उशीखाली मोबाइल नको, त्यातही चार्जिंगला लावलेला तर अजिबात नको, उशीखाली तो तापतो. आणि कूलर बंद होऊन थंडी आली की सेटिंग परत करायचं, डिसेंबरातल्या शांत खोलीत मे महिन्याचा आवाज फार मोठा होतो.

टायमरचं तुमचं जे चाललंय त्यात एक मेख आहे. काही ॲप्समध्ये "प्रकरण संपेपर्यंत" असा टायमर असतो, तो रात्री वापरूच नका, प्रकरणाचा शेवट म्हणजे लेखकाने गळ टाकायची जागा. मिनिटांचा लावा, वाक्याच्या मधे तुटलं तरी चालते, उलट बरंच. २५ मिनिटं पुरे, चांगल्या झोपणाऱ्यालाही पडल्यावर झोप लागायला दहा ते वीस मिनिटं लागतात. काही ॲपमध्ये आवाज हळूहळू कमी होत बंद होतो, ती सोय असेल तर चालू करा, कारण काहींना आवाज बंद झाल्यानेच जाग येते. पुढचा एपिसोड आपोआप लागतो ते ऑटोप्ले बंद करा. आयफोन असेल तर घड्याळाच्या ॲपमधल्या टायमरमध्ये आवाजाच्या यादीत सगळ्यात खाली Stop Playing आहे, ते कुठल्याही ॲपचा आवाज थांबवते.

आणि टायमर संपला तरी जागेच असाल तर पुन्हा लावायचा नाही. इथेच तुमचे दीड वाजतात. उठा, हॉलमध्ये जा, मंद लाइटमध्ये बसा, काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या आणि तेव्हा एकदा २५ मिनिटं. हे मी मनाचं सांगत नाही, झोपेच्या उपचारात ही जुनी पद्धत आहे, पलंगावर जागं पडून राहण्याची सवय मोडायला वापरतात. पहिले काही दिवस जिवावर येईल.

तुम्हाला एक धाकधूक असेल की झोप लागली तर गोष्ट कुठवर ऐकली ते कसं कळणार. कळणारच नाही. झोप लागायच्या आधीची काही मिनिटं सकाळी आठवतच नाहीत, मेंदू ती नोंदवून ठेवत नाही, त्यामुळे तुम्हाला जिथपर्यंत आठवते त्याच्या बरंच पुढे तुम्ही ऐकलेलं असता. मिस्ट्रीत हे नुकसान वाटते आणि म्हणून माणूस डोळे ताणून जागा राहतो. नर्मदेच्या काठी मागे जायची गरजच नाही, दुसऱ्या रात्री जिथे थांबलं असेल तिथून सोडा, मधला एक घाट सुटला तर सुटला.

मग मर्डर मिस्ट्रीचं काय, तर ती सोडू नका, तिची वेळ बदला. जयप्रकाश नगर ते काँग्रेस नगर मेट्रोत फार वेळ मिळत नाही, पण जाताना येताना थोडी, आणि संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा उरलेली. जेवणानंतर मात्र नको. अर्धं सोडलेलं रहस्य डोक्यात घेऊन तुम्ही पलंगावर गेलात तर कानात नर्मदा असली तरी मन त्या भाच्याच्याच मागे जाणार. शेवटचे दोन तास उरले असतील तर शनिवारी दुपारी बसून एकदाचा खुनी पकडून टाका.

वहिनींचं पुस्तकाचं म्हणणंही बरोबरच आहे, पण पुस्तक म्हणून वाट्टेल ते पुस्तक नाही. वाचतानाही हाच नियम, कादंबरी दिवसा, रात्री सुटे सुटे तुकडे. माझी आवडती रात्रीची वस्तू म्हणजे मराठी विश्वकोशाचा छापील खंड. अकारविल्हे नोंदी असल्यामुळे एका खनिजानंतर एखादा राजा, मग एखादी वनस्पती, मग एखादा देश, कशाचा कशाशी संबंध नाही. कॅनडातल्या एका संशोधकाने झोपेसाठी अशीच युक्ती मांडली आहे, एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तू एकामागे एक डोळ्यांसमोर आणत जायच्या, म्हणजे मनाला सलग विचार बांधताच येत नाही. विश्वकोश ते काम फुकटात करतो, फक्त खंड जड आहे, छातीवर घेऊन वाचू नका, कुशीवर वळून गादीवर ठेवून वाचा. टॅबवर वाचायचं की कागदावर याबद्दल २०१५ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, त्यात प्रकाश देणाऱ्या ई-रीडरवर वाचणाऱ्यांना झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. पण ती १२ च माणसं होती आणि रोज चार-चार तास स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून वाचत होती. म्हणून टायमर लावायला दोन मिनिटं मोबाइल बघितला तर काही आभाळ कोसळत नाही. मोबाइलचा खरा त्रास उजेडापेक्षा त्याच्यातल्या बाकीच्या गोष्टींचा आहे.

हे सगळं दोन-तीन आठवडे करून बघा. दीडचे साडेअकरा होतात का ते बघायचं. हळूहळू त्याच आवाजाची सवय झाली की पुस्तक सुरू होताच जांभई यायला लागते, तीच खूण. नाही झालं आणि आठवड्यातून तीन रात्री तरी असं, तेही तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर ते ऑडिओबुकच्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना गोळीच्या आधी निद्रानाशाच्या समुपदेशनाबद्दल विचारा, त्याला सीबीटी-आय म्हणतात. झोपेत मोठ्याने घोरता, श्वास अडकतो असं वहिनी सांगत असतील किंवा दुपारी लेजरसमोर डोळे मिटत असतील तर तीन महिने थांबायचंही कारण नाही. धंतोलीत बसता, डॉक्टर शोधायला लांब जावं लागणार नाही.

राहिला वहिनींच्या झोपेचा प्रश्न. त्यांना नर्मदा ऐकायची नसेल तर इअरबड एकाच कानात घाला, वरच्या, उशीवरचा कान मोकळा ठेवा नाहीतर सकाळी दुखतो. मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा म्हणजे एकाच कानात सगळं येते. रोज तसं जमत नसेल तर कापडी पट्टीत चपटे स्पीकर शिवलेले हेडबँड मिळतात, कुशीवर झोपणाऱ्याला ते बरे पडतात, फक्त मे महिन्यात कपाळाला घाम येतो.